आईच्या हातचा फराळ अमेरिकेत पोहोचवण्याचा व्यवसाय: डब्यापासून दारापर्यंत

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत परदेशी मुलांना फराळ पाठवणारी घरं भरपूर आहेत. फराळ करून विकण्यापेक्षा घरी झालेला फराळ नीट बांधून पाठवण्याची सेवा सुरू करणं नवख्याला सोपं जातं, आणि त्याचं मोठं कारण अमेरिकेच्या नियमांत आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला आणि वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेला खाद्यपदार्थ तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या आगाऊ सूचनेच्या अटीतून वगळलेला आहे. दुकानातून विकत घेतलेल्या चकलीला ही सूट नाही. तिच्यासाठी आगाऊ सूचना द्यावी लागते आणि तीत उत्पादकाची नोंदणी विचारली जाते.

म्हणून पार्सल घेताना पहिला प्रश्न विचारा, "काकू, हे सगळं घरचंच ना?" थोडं घरचं, थोडं दुकानाचं असेल तर दुकानाचं बाजूला काढा. पाठवणारी म्हणून त्यांचंच नाव, ओळखपत्र आणि खरी किंमत लिहा. भेटवस्तूची शुल्कमाफी १०० डॉलरपर्यंत आहे. विकलेला माल भेट म्हणून दाखवायचा मोह मात्र टाळाच. तो पकडला गेला की पार्सल अडकतं आणि कुरिअरवाला पुढे तुमचा माल घेताना कुरकुरतो. पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या आणि तुपाची बरणी घेऊ नका, कारण दुग्धजन्य पदार्थांवर सीमेवर बंधनं आहेत. बेसन लाडूंबद्दल आपल्या कुरिअरच्या सीमाशुल्क विभागाकडून आधी लेखी विचारून घ्या.

यानंतरचा सगळा हिशेब वजनाचा. हवाई कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीप्रमाणे ५००० ने भागा. समजा चकली १ किलो, शंकरपाळी १ किलो, शेव अर्धा, चिवडा अर्धा आणि लाडू १ किलो, असा ४ किलोचा फराळ आहे. खोका आणि बांधणीचे ८०० ग्रॅम धरले की प्रत्यक्ष वजन होतं ४.८ किलो. तो ४०×३०×२५ च्या खोक्यात घातला तर आकारमानाचं वजन ६ किलो भरतं. तोच ३६×२८×२२ मध्ये बसवला तर ते साधारण ४.४ किलो येतं, म्हणजे पैसे प्रत्यक्ष वजनाचेच, अर्धा किलोच्या टप्प्याने ५ किलोचे. इथे खरा खलनायक पातळ पोह्यांचा चिवडा. अर्धा किलो चिवडा केवढी तरी जागा खातो, त्यामुळे ग्राहकाला हे आकडे पैसे घेण्याआधी दाखवा आणि चिवडा कमी करायचा की पैसे जास्त द्यायचे हे त्यांना ठरवू द्या.

बांधणीत सर्वांत जास्त बिघडतं ते गरम पदार्थ पिशवीत भरल्यामुळे. आतली वाफ थंड होऊन पाणी सुटतं, आणि चकली मऊ पडते. फराळ किमान चार-पाच तास पूर्ण गार झाल्यावरच घ्या, जाड ॲल्युमिनियमच्या थराच्या पिशवीत भरा आणि सीलिंग मशीनने बंद करा. एक पिशवी पाण्यात दाबून पाहा. बुडबुडे आले तर सील कच्चं आहे, पट्टी साफ करून पुन्हा मारा. निर्वात पॅकिंग चकलीला नकोच, चुरा होतो. तिला कडक डबा आणि मध्ये कागद हवा. चिवड्यातलं सुकं खोबरं सगळ्यांत आधी खवट होतं, म्हणून ते कुरकुरीत तळलेलं नसेल तर काढायला सांगा. ग्राहकाकडे जुन्या तेलाचा वास आला तरी स्पष्ट बोला, कारण दोन-तीन आठवड्यांनी तो दुप्पट जाणवतो. खोका पाच थरांचा घ्या आणि हलवल्यावर आत काही खडखडणार नाही इतका भरा.

वेळापत्रकाची गाठ दसऱ्याशी बांधा. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. बऱ्याच घरांत फराळ दिवाळीच्या आठवड्यात होतो, तेव्हा तो पाठवायला उशीर झालेला असतो. सप्टेंबरमध्येच ग्राहकांना कळवा की पाठवायचा घाणा दसऱ्यापर्यंत तळून ठेवावा, आणि २४ ऑक्टोबरनंतर पार्सल घेणं बंद करा. मागे उरणारे दोन आठवडे सीमाशुल्काच्या खोळंब्यासाठी असतात. ज्यांचा फराळ त्यानंतर येईल त्यांना तो दिवाळीनंतर पोहोचेल हे पावतीवर लिहून द्या.