हायड्रोजनचं आकारमान सहा टक्के जास्त का भरत होतं

घासून चकचकीत केलेली ०.०३६५ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत, जादा विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाण्यावर उपडी धरलेली ब्युरेट. प्रयोगशाळेत २७ अंश सेल्सिअस आणि ७२० मिमी पारा दाब होता. हिशेबाने ३९.० मिली वायू यायला हवा, पण ब्युरेटवर ४१.५ मिली दिसे. वजन आणि फीत दोन्ही पुन्हा तपासली, दोष तिथे नव्हता.

कारण दाबात होतं. पाण्यावर जमलेल्या वायूत बाष्पही असतं, २७ अंशांना त्याचा दाब २६.७ मिमी. शिवाय ब्युरेटमधलं पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा २२ सेंमी वर उभं होतं. ते भागिले १३.६, म्हणजे पाऱ्याचे १६ मिमी. हायड्रोजनच्या वाट्याला उरले ६७७ मिमी, आणि ३९.० × ७२० ÷ ६७७ म्हणजे बरोबर ४१.५.

आता मी ब्युरेटचं तोंड बोटाने बंद करून ती उंच जारमध्ये नेतो, आतबाहेरची पातळी जुळवतो. अभिक्रियेची उष्णता निवेपर्यंत थांबतो, आकडा हलायचा थांबला की वाचतो. मग फक्त बाष्पदाब वजा करावा लागतो आणि वाचन ४०.५ येतं.