शिबिराच्या फलकावर आठ ओळी: लिहिण्याआधीची आणि छापण्याआधीची तयारी

सांगलीत गणेशोत्सवाच्या सुमारास चौकाचौकांत रक्तदान शिबिरांचे फलक लागतात आणि बहुतेकांवर ‘रक्तदान महादान’ हीच ओळ असते. दर वर्षी रक्त देणाऱ्याला फलकाची गरज नसते, तो तारीख विचारून येतो. फलक लागतो तो विश्रामबागेत बसची वाट बघत उभ्या असलेल्या, एकदाही रक्त न दिलेल्या पोरासाठी किंवा पोरीसाठी. म्हणून अशा फलकासाठी आठ ओळींची कविता लिहायला बसण्याआधी पहिलं काम हे, की ती या एकाच माणसाशी बोलणार असं ठरवून टाकायचं.

दुसरं काम म्हणजे एखाद्या शिबिरात तासभर उभं राहून नव्या माणसाचं काय होतं ते बघणं. तो फॉर्म भरतो, वजन आणि रक्तदाब तपासून घेतो, मग बोटाला बारीक टोच मारून थेंब घेतला जातो. अनेक ठिकाणी हा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. तो तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे असं धरतात. वर तरंगला किंवा मध्येच रेंगाळला तर त्या दिवशी रक्त घेत नाहीत. तो थेंब बुडेपर्यंत नव्या माणसाची नजर त्याच्यावरून हलत नाही. हे एकदा पाहिलं की ‘या आणि जीव वाचवा’ असली हमी लिहायला हात धजत नाही, कारण आलेल्यांपैकी काहींना परत जावंच लागतं. जो वीर व्हायला आला आणि परत पाठवला गेला, तो पुढच्या वेळी येत नाही.

तिसरं, कवितेत काय सांगायचं ते आधी साध्या वाक्यांत लिहून काढावं. चार गोष्टी पुरतात: खाऊन या, कुणाला तरी सोबत आणा, तासभर वेळ ठेवा, झाल्यावर लगेच उठून पळू नका. यातली पहिली सर्वांत महत्त्वाची. रक्त तपासायला जाताना उपाशी जायचं ही सवय लोकांच्या अंगात मुरलेली आहे, तीच ते इथेही लावतात. रिकाम्या पोटी, पाणी न पिता आलेल्याला भोवळ येण्याची शक्यता वाढते, आणि खुर्चीत कोसळलेला एक जण पाहून रांगेतले मागचे चौघे गुपचूप निघून जातात. रक्त देण्याआधीच्या चार तासांत काहीतरी खाल्लेलं असावं. शिबिर संकष्टीला किंवा एकादशीला येत असेल तर ही ओळ आणखी मोठ्या अक्षरांत हवी. साबुदाण्याची खिचडी खाऊन आलं तरी चालतं, निर्जळी मात्र नको.

आता छंद. फलकाला अष्टाक्षरी सोयीची. एका ओळीत आठ अक्षरं, चार-चारचे दोन तुकडे, जोडाक्षर एकच मोजायचं. चालता चालता वाचणाऱ्याच्या तोंडात ती पटकन बसते. ‘रक्तदान महादान’ मध्ये नेमकी आठ अक्षरं आहेत, म्हणून तर ती टिकली. पण तिच्याखाली ‘करू सारे होऊ महान’ असं जोडलं की नऊ होतात. ओळ शेवटी अडखळते, आणि नव्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. दान, महान, जीवनदान ही यमकं आयती मिळतात. ती सुचली की समजावं, आपण अजून लिहायला सुरुवातच केलेली नाही.

पहिली ओळ ‘पहिलीच वेळ ना ही’ अशी सुचू शकते. मोजून आठ, बोलल्यासारखी. पण लांबून ‘ना ही’ चं ‘नाही’ होतं आणि अर्थ पार उलटा. त्याऐवजी ‘पहिल्यांदा येताय ना’. दुसऱ्या कडव्यासाठी ‘काम दहा मिनिटांचे’ ही ओळही आठ अक्षरांत बसते, पण ती अर्धीच खरी आहे. पिशवी भरायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तरी फॉर्म, तपासणी, रांग आणि नंतरची विश्रांती धरली तर तास जातो. दहा मिनिटं म्हणून कामावरून आलेला माणूस रांगेतच चिडतो. म्हणून ती ओळ बदलावी. सगळं जुळल्यावर हे उरतं:

पहिल्यांदा येताय ना?
पोटभर खाऊन घ्या;
टोचणीचा क्षण एक,
सोबत्याला घेऊन या.

तासभर वेळ काढा,
मग बसा, चहा घ्यावा;
अनोळखी माणसाला
आपलाही हात द्यावा.

‘टोचणीचा क्षण एक’ लिहिलं कारण सुई टोचतेच. ‘दुखत नाही’ लिहिलं आणि दुखलं, तर बाकीच्या सात ओळींवरही विश्वास राहत नाही. ‘मग बसा’ हे दोन शब्द काढायचा मोह होईल, तो आवरावा. भोवळ पुष्कळदा रक्त देताना येत नाही, नंतर घाईने उठल्यावर येते, म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसायचं. शेवटच्या ओळीत ‘हात देणे’ दोन्ही अर्थांनी चालतं, कारण खुर्चीत बसून माणूस खरोखर हातच पुढे करतो.

कवितेत न बसणारी माहिती खाली गद्यात द्यावी: वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, तारीख, वेळ, ठिकाण आणि ओळखीच्या खुणेसह पत्ता. विलिंग्डन किंवा वालचंदसारख्या कॉलेजांच्या परिसरात फलक लावणार असाल तर वयाची अट ठळक हवी, नाहीतर अकरावी-बारावीची मुलं हौसेने येतात आणि हिरमुसून परततात. ‘औषध चालू असेल, नुकताच टॅटू काढला असेल तर डॉक्टरांना विचारा’ एवढी एक ओळ पुरे. ‘मोफत एचआयव्ही तपासणी’ असं मात्र चुकूनही लिहू नये. स्वतःबद्दल शंका असलेला माणूस तपासणीसाठी रक्त द्यायला येतो, आणि संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीत तो सापडेलच असं नाही. भेटवस्तूचं आमिषही नको, त्यापायी लोक फॉर्ममध्ये खरं सांगत नाहीत.

अक्षरांचं माप असं धरावं: दहा फुटांवरून वाचायला साधारण एक इंच उंच अक्षर. रस्त्यापलीकडून, तीस फुटांवरून वाचायचं तर तीन इंच. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये अक्षराच्या निम्म्याहून जास्त जागा सोडावी. आठ ओळी आणि खालची माहिती धरली तर फलक पाच फूट उंच होतो. तेवढी जागा नसेल तर फक्त पहिलं कडवं छापावं, अक्षर बारीक करू नये.

मजकूर फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला की दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या जागा बदलतात. ‘पहिल्यांदा’ वरचा अनुस्वार आणि ‘घ्या’ मधला अर्धा घ आधी तपासावा. पीडीएफसोबत कवितेचा फोटोही द्यावा, म्हणजे ताडून बघता येतं. छापण्याआधीचा नमुना दोघांनी वाचावा: एक रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी, आणि दुसरा अशा कुणीतरी ज्याने अजून रक्त दिलेलं नाही. त्याला आठही ओळी मोठ्याने वाचायला लावाव्यात. जिथे तो अडखळेल तिथे अक्षरं पुन्हा मोजावीत.