लोणच्यातला लसूण निळा पडला, तेव्हा मी काय केलं

फ्रिजमध्ये महिनाभर ठेवलेला लसूण सोलून व्हिनेगरमध्ये घातला आणि तिसऱ्या दिवशी बघते तर पाकळ्यांची टोकं हिरवट आणि काही तर चक्क मोरपंखी निळ्या. आधी वाटलं बुरशीच, पण बुरशी वरवर धरते, लव दिसते, वास बदलतो. इथे पाकळी कापली तर रंग आतपर्यंत झिरपलेला, व्हिनेगर स्वच्छ आणि वासही नेहमीचा.

हा रंग लसणाचाच असतो, खायला काही धोका नाही. गारव्यात ठेवलेल्या लसणात आयसोअलिन नावाचं गंधकाचं संयुग साठत जातं. आम्लात पाकळीच्या पेशी फुटल्या की अलिनेज हे एन्झाइम त्याच्यावर काम करतं, त्यातून जे तयार होतं ते लसणातल्याच अमिनो आम्लांशी जुळून पायरोल नावाच्या कड्या बनतात, आणि त्या कड्या एकमेकींना जोडल्या गेल्या की निळा-हिरवा रंग दिसतो.

पुढच्या वेळी लसूण तीन आठवडे फ्रिजबाहेर कोरड्या जागी ठेवला, सोललेल्या पाकळ्या उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढल्या म्हणजे एन्झाइम बरंचसं निकामी होतं, मग व्हिनेगर. यावेळी पाकळ्या पांढऱ्याच राहिल्या, फक्त कुरकुरीतपणा जरा कमी झाला.

पण बुळबुळीतपणा, बुडबुडे किंवा घाण वास आला तर मात्र चाखूनही बघू नका, सरळ टाकून द्या.