शिअर फोर्सची आकृती शून्यावर आली तरी गणित चुकलेले असू शकते

स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सच्या पेपरात शिअर फोर्सची आकृती बीमच्या शेवटच्या टोकाला शून्यावर आली की बहुतेक विद्यार्थी निर्धास्त होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतात. हा ताळा रिअॅक्शनमधली चूक पकडत नाही, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा उमगली. म्हणून येथे तिच्याविषयीच सविस्तर लिहितो आहे.

एक बीम घेऊ. ए आणि बी या आधारांमधले अंतर ६ मीटर असून बीम बीच्या पुढे सीपर्यंत २ मीटर बाहेर आला आहे. एपासून पहिल्या ४ मीटरवर दर मीटरला १२ किलोन्यूटनचा यूडीएल आहे आणि सी या मोकळ्या टोकाला १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड आहे. यूडीएलचा एकूण भार ४८ किलोन्यूटन होतो आणि तो एपासून २ मीटरवर एकवटला आहे असे धरायचे असते. एभोवती मोमेंट घेतल्यास ४८ गुणिले २ आणि १२ गुणिले ८ मिळून १९२ होतात, म्हणून बीची रिअॅक्शन ३२ आणि ६० मधून ती वजा करून एची २८ किलोन्यूटन येते.

आता समजा, घाईत यूडीएलचा भार स्पॅनच्या मध्यावर, म्हणजे ३ मीटरवर धरला गेला. मग बीची रिअॅक्शन ४० आणि एची २० येते. शिअर २० पासून सुरू होऊन ४ मीटरवर उणे २८ होतो, बीला १२ वर उडी घेतो आणि सीला नेमका शून्य होतो. आकृती निर्दोष दिसते, कारण एची रिअॅक्शन एकूण भारातून वजाबाकी करूनच काढलेली असते. बेरीज जुळणे भागच असते.

यावर दुसऱ्या बिंदूभोवती मोमेंट घेऊन पाहा, असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चांगला आहे, पण येथे तोही फसतो. सीभोवती मोमेंट घेताना ४८ चा भार पुन्हा त्याच चुकीच्या जागी धरला, तर २० गुणिले ८ आणि ४० गुणिले २ मिळून २४० होतात आणि ४८ गुणिले ५ म्हणजेही २४०च. समतोलाचे समीकरण जुळते, कारण दोन्ही वेळा आपण तोच चुकीचा बीम तपासत असतो.

चूक पकडायची असेल, तर यूडीएल एकवटलेला न धरता तो जसा पसरला आहे तसाच हाताळणारा ताळा हवा, आणि तो शिअरच्या आकृतीच्या क्षेत्रफळातून मिळतो. चुकीच्या आकृतीत पहिल्या ४ मीटरवर सरासरी शिअर उणे ४ आहे, म्हणून तेथे मोमेंट उणे १६ येतो. पुढच्या २ मीटरवर उणे ५६ मिळवले की बीला उणे ७२. मात्र उजवीकडून पाहिले तर बीचा मोमेंट १२ गुणिले २, म्हणजे २४ हॉगिंग इतकाच असतो, आणि त्यासाठी कोणतीही रिअॅक्शन लागत नाही. फरक ४८ आला. हा ४८ म्हणजे ४८ किलोन्यूटन गुणिले १ मीटर, म्हणजेच भार नेमका जितका सरकला तितका. उरलेली रक्कमच चुकीचे ठिकाण दाखवते.

बरोबर रिअॅक्शन घेतल्यावर शिअर एपासून २.३३ मीटरवर शून्य होतो आणि तेथे कमाल सॅगिंग मोमेंट ३२.६७ किलोन्यूटन-मीटर येतो. ४ मीटरवर तो १६ आणि बीला उणे २४ होतो, तर मोमेंटचे चिन्ह ४.८ मीटरवर बदलते. बीला डावीकडून आणि उजवीकडून एकच आकडा आला की रिअॅक्शनबाबत मन शांत ठेवायला हरकत नाही.

सूत्रांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या मार्गदर्शकांविषयी माझे मत चांगले नाही. संपूर्ण स्पॅनवर यूडीएल असलेल्या साध्या बीमचे सूत्र येथे लावले, तर कमाल मोमेंट ५४ येतो. भार ४ मीटरवरच आहे आणि ओव्हरहँगमुळे बीला हॉगिंग आहे, हे त्या सूत्राला ठाऊकच नसते.

बीममध्ये कपल असेल, तर तेवढी एक दक्षता आणखी घ्यावी: शिअरच्या आकृतीत त्या जागी काहीच दिसत नाही, मोमेंटच्या आकृतीत मात्र कपलएवढी उभी उडी येते. ती राहून गेली, तर मोकळ्या टोकाला नेमका कपलचाच आकडा शिल्लक राहतो.

या ताळ्यालाही मर्यादा आहे. यूडीएल ४ ऐवजी ६ मीटरवर आहे असे वाचून सगळे गणित त्याप्रमाणे केले, तर बीचा मोमेंट दोन्ही बाजूंनी जुळेल आणि उत्तर तरीही चुकीचेच असेल. त्यासाठी आकृती काढण्यापूर्वी भाराची सुरुवात आणि शेवट प्रश्नातील मजकुरावरून पुन्हा एकदा पाहून घ्यावा.