अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्याचा सौदा कंपनीवर बंधनकारक आहे का, हे कसे तपासावे

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातले लघुउद्योजक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते. कंपनीच्या माणसाने ऑर्डर दिली, आम्ही माल दिला आणि आता कंपनी म्हणते की त्या माणसाला ऑर्डर देण्याचा अधिकारच नव्हता. त्यांना आधी कोणीतरी सांगितलेले असते की व्हिजिटिंग कार्ड आणि लेटरहेड असेल तर घाबरू नका, कंपनी सुटत नाही. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याच्या भरवशावर केलेले दावे मी पडताना पाहिले आहेत. या लेखात पुरवठादाराच्या बाजूने तपासणी कशी करावी ते सांगतो. कंपनीच्या बाजूने पाहणाऱ्यांनी तेच प्रश्न उलटे विचारावेत.

कागद तारखेच्या क्रमाने लावून घ्यावेत. हे सांगायला नको.

पहिल्यांदा पाहावे की त्या कर्मचाऱ्याला खराच अधिकार होता का. संचालक मंडळाचा ठराव, अधिकारपत्र किंवा नेमणूकपत्रातली मर्यादा यांपैकी काही हाती लागले तर उत्तम. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८६ आणि १८७ प्रमाणे अधिकार लेखीच असावा लागतो असेही नाही, तो परिस्थितीवरूनही काढता येतो. खरा अधिकार सापडला तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

खरा अधिकार नसेल, किंवा ऑर्डर मर्यादेच्या पलीकडची असेल, तर प्रश्न भासमान अधिकाराचा होतो. वकील मंडळी याला ‘अपॅरंट ऑथॉरिटी’ म्हणतात. कलम २३७ चा आशय असा की एजंटाने अधिकार नसताना व्यवहार केला, तरी मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वर्तनाने समोरच्याला तो अधिकार आहे असे मानायला लावले असेल, तर मालक बांधला जातो. कायद्यातच दिलेले उदाहरण सोपे आहे. मालक एजंटाकडे विक्रीसाठी माल पाठवतो आणि अमुक किमतीखाली विकू नकोस असे बजावतो. त्या सूचनेची कल्पना नसलेल्या ग्राहकाला एजंट कमी किमतीत माल विकतो. तो सौदा मालकावर बंधनकारक राहतो.

या कलमातला ‘मालकाने’ हा शब्द मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत नीट वाचलाच नव्हता. एका वाहतूकदाराच्या प्रकरणात मी कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याची दोन पत्रे आणि पंधरा-वीस मेसेज मोठ्या आत्मविश्वासाने दाखल केले. एका पत्रात तर ‘या करारासाठी मला पूर्ण अधिकार आहेत’ असे त्याने स्वतः लिहिले होते. न्यायाधीशांनी मला एकच प्रश्न विचारला, “हे सगळे तो म्हणतो आहे, कंपनी काय म्हणाली, ते दाखवा.” माझ्याकडे दाखवायला काही नव्हते आणि आम्ही ते प्रकरण हरलो. एजंट स्वतःच स्वतःला अधिकार देऊ शकत नाही, हे त्या दिवशी मला कायमचे समजले.

म्हणून ही पायरी सगळ्यांत सावकाश करावी. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने लिहावे की हे विधान किंवा ही कृती नेमकी कोणाची आहे आणि त्या व्यक्तीला स्वतःला खरा अधिकार होता का. लेटरहेड, कंपनीच्या डोमेनचा ईमेल, कार्ड यांची गल्लत इथेच होते. ही साधने कंपनीने दिली, म्हणून कंपनीने त्या माणसाला अमुक पदावर बसवले एवढे त्यांवरून सिद्ध होते. त्या साधनांवरून पाठवलेला मजकूर मात्र त्या माणसाचाच राहतो. पदाचाही अर्थ मर्यादित असतो. खरेदी व्यवस्थापक नेमला की त्या धंद्यातले खरेदी व्यवस्थापक सामान्यतः जे करतात ते हाही करू शकतो, असे कंपनी जगाला सांगत असते. त्यापलीकडचे ती सांगत नसते.

शब्द नसतील तर वर्तन शोधावे, आणि गप्प राहणे हेही वर्तन असू शकते. इंग्लंडमधील १९६४ च्या फ्रीमन अँड लॉकयर खटल्यात एक संचालक कधीही रीतसर नेमणूक न होता व्यवस्थापकीय संचालकासारखा वागत होता आणि उरलेल्या मंडळाला ते माहीत असून चालत होते. त्याने नेमलेल्या वास्तुविशारदांची फी कंपनीला द्यावी लागली. याउलट १९८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलेल्या आर्मागास खटल्यात अधिकाऱ्याने ‘वरून मंजुरी मिळाली आहे’ असे खोटे सांगितले. त्याला एकट्याला असा करार करता येत नाही, हे समोरच्याला ठाऊक होते, म्हणून कंपनी बांधली गेली नाही. आपल्याकडे कलम २३७ चा मजकूरच निर्णायक असतो, पण तो कसा लावायचा हे समजण्यासाठी ही जोडी एकत्र वाचावी.

आता एक प्रकरण तपशिलाने पाहू. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. अंबडचा एक कोरुगेटेड बॉक्स बनवणारा कारखानदार दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदार कंपनीला खोकी पुरवत होता. कंपनीच्या खरेदी व्यवस्थापकाची अंतर्गत मर्यादा एका ऑर्डरला २ लाख रुपयांची होती आणि त्यावर संचालकाची सही लागत असे. कारखानदाराला याची कल्पना नव्हती. व्यवस्थापकाने आपल्या एकट्याच्या सहीने आधी ३,५०,०००, मग ४,२०,००० आणि नंतर २,८०,००० रुपयांच्या ऑर्डरी दिल्या आणि तिन्हींचे पैसे कंपनीच्या खात्यातून बिनतक्रार आले. मग हंगामाच्या तोंडावर त्याने ४०,००० खोक्यांची ऑर्डर दिली. दर ३२ रुपये, म्हणजे जीएसटी सोडून १२,८०,००० रुपये. १५,००० खोकी उचलली गेली, वापरलीही गेली. उरलेली २५,००० कंपनीचे नाव छापून गोदामात पडली असताना कंपनीने पत्र पाठवले की ही ऑर्डर अनधिकृत आहे. याखेरीज ऑर्डरनंतर आठवड्याने व्यवस्थापकाने एक वेगळे पत्र दिले होते, की पुढचे दोन हंगाम सगळी खोकी तुमच्याकडूनच घेऊ आणि दर हंगामाला ८ टक्के वाढ देऊ.

कारखानदाराने आणलेल्या फाइलीत व्यवस्थापकाचे मेसेज साठाहून अधिक होते. ते सगळे मी बाजूला ठेवले. उरलेल्या पातळ गठ्ठ्यात आमच्या कामाचे दोन कागद निघाले, तिसरा नंतर आला. आधीच्या तिन्ही बिलांचे पैसे बँकेत संचालकाच्या मंजुरीने सुटले होते, म्हणजे मर्यादा ओलांडलेल्या ऑर्डरी खरा अधिकार असलेल्या माणसाने तीनदा पाहून स्वीकारल्या होत्या. १५,००० खोक्यांच्या आवक पावत्यांवर कंपनीच्या गोदामाने वादातल्याच ऑर्डरचा क्रमांक टाकला होता. तिसरा कागद सगळ्यांत मोलाचा होता आणि तो कारखानदाराने किरकोळ समजून आणलाच नव्हता. मी मागितल्यावर दुसऱ्या खेपेला आला. खोक्यावरच्या छपाईच्या नमुन्याला मंजुरी देणारा तो ईमेल होता, संचालकाने स्वतः पाठवलेला, आणि त्यात ४०,००० हा आकडा होता.

हा ईमेल नसता तर मी काय म्हणालो असतो? अडचण मी लपवत नाही. आधीच्या ऑर्डरी तीन-चार लाखांच्या आणि ही पावणेतेरा लाखांची. जुन्या वर्तनातून एवढ्या उडीपर्यंतचा अधिकार भासतो का, यावर दुसऱ्या बाजूच्या वकिलाने अर्धा दिवस घेतला असता, आणि मी जिंकण्याची हमी दिली नसती.

दोन हंगामांचे पत्र मात्र मी पहिल्याच भेटीत सोडायला सांगितले. खरेदी व्यवस्थापकाच्या पदात अशी दीर्घ मुदतीची हमी सामान्यतः येत नाही आणि तिच्याबद्दल संचालकाचा एकही शब्द वा कृती नव्हती. त्यातच कारखानदाराने तेव्हा मेसेजवर विचारले होते, “यावर साहेबांची सही नको का?” आणि उत्तर आले होते, “मी बोललोय त्यांच्याशी.” म्हणजे शंका आली होती आणि ती ज्याच्याबद्दल होती त्याच्याच शब्दावर मिटवली गेली. आर्मागासमध्ये हेच घडले होते. कारखानदाराला हे पटवताना मला ऑर्डरच्या दाव्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पुढची पायरी म्हणजे आपल्याला मर्यादेची सूचना मिळाली होती का, हे पाहणे. खरेदी आदेशाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचावा. ‘अमुक रकमेवरील आदेश दोन सह्यांशिवाय ग्राह्य नाही’ असे वाक्य तिथे असेल आणि आपण ते वाचलेच नाही, तरी बचाव दुबळा होतो. १८५६ च्या टर्क्वंड खटल्यातून आलेले तत्त्व असे सांगते की कंपनीच्या आतल्या मंजुऱ्या रीतसर झाल्या असतील, असे बाहेरच्याने धरून चालावे. पण संशयास्पद गोष्ट दिसत असूनही चौकशी न करणाऱ्याला आणि बनावट सहीच्या कागदावर विसंबणाऱ्याला ते वाचवत नाही.

कंपनीने नंतर व्यवहार स्वीकारला का, हेही तपासावे; याला अनुसमर्थन म्हणतात. कलम १९७ प्रमाणे ते वर्तनातूनही होते आणि कलम १९९ प्रमाणे व्यवहाराचा एक भाग स्वीकारला की संपूर्ण व्यवहार स्वीकारला असे धरतात. १५,००० खोकी वापरणाऱ्या कंपनीला त्याच ऑर्डरची उरलेली २५,००० नाकारणे म्हणूनच जड जाते. मात्र याच कलमावर दोन हंगामांचे पत्र ओढून आणू नये. ते वेगळ्या तारखेचे वेगळे बोलणे आहे, आणि कलम १९८ प्रमाणे महत्त्वाच्या गोष्टी नीट माहीत नसताना दिलेली संमती वैध ठरत नाही.

कर्मचारी दरम्यान नोकरी सोडून गेला असेल तर कलम २०८ वाचावे. त्याचा अधिकार संपल्याचे आपल्याला कळेपर्यंत आपल्यापुरता तो संपत नाही. कंपनी कशानेच बांधली जात नसेल, तर कलम २३५ खाली खोटा अधिकार सांगणाऱ्या कर्मचाऱ्याकडून भरपाई मागता येते, पण आधी त्याच्याकडे वसूल होण्यासारखे काही आहे का ते पाहावे.

नोटीस लिहिताना व्यवस्थापकाने काय आश्वासन दिले, यापासून सुरुवात करू नये. संचालकाने काय केले, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाने, यापासून करावी. उचललेल्या मालाची किंमत आणि नाकारलेल्या मालाची नुकसानभरपाई या मागण्या वेगळ्या मांडाव्यात, कारण दुसरी मागणी माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ५६ खाली येते आणि छापील खोकी दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, हे तिथेच सांगावे लागते. ईमेल आणि मेसेज मूळ उपकरणातून पुसू नयेत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत जोडावे लागते. अशा व्यापारी वादाचे मूल्य ३ लाख किंवा अधिक असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीसाठी अर्ज सक्तीचा आहे. आमचे प्रकरण तिथेच मिटले. कंपनीने सर्व ४०,००० खोक्यांचे पैसे दोन हप्त्यांत दिले आणि गोदामातली खोकी स्वतःच्या ट्रकने नेली. दोन हंगामांच्या पत्राचा आम्ही अर्जात उल्लेखही केला नव्हता.