महत्त्वाचा शब्द आधी: मोबाइलवर कापल्या जाणाऱ्या शीर्षकाची मांडणी कशी करावी

मोबाइलच्या पडद्यावर लांब शीर्षकाचा शेवट बहुधा दिसतच नाही. जागा संपली की तिथे तीन टिंबे येतात आणि वाचकाला जे काही ठरवायचे असते ते तो टिंबांच्या आधीच्या शब्दांवरून ठरवतो. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘शीर्षक साठ अक्षरांत बसवा’. तो अपुरा आहे आणि मराठीसाठी तर बऱ्याच अंशी चुकीचा आहे. साठाच्या आत बसलेले शीर्षकही फोनवर झळकणाऱ्या एखाद्या सूचनेच्या अरुंद पट्टीत अर्ध्यावर कापले जाते आणि त्या पहिल्या अर्ध्यात नेमके काय राहिले, याचे उत्तर आकडा देत नाही.

आकड्याचा भ्रम आधी दूर करावा. शीर्षक किती दिसेल हे अक्षरांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांनी पडद्यावर व्यापलेल्या रुंदीवर ठरते. गूगल आपल्या मार्गदर्शक सूचनांत शीर्षकाला कोणतीही ठराविक मर्यादा सांगत नाही; शोधाच्या यादीत ते उपकरणाच्या रुंदीनुसार गरज पडेल तसे छाटले जाते, एवढेच तिथे म्हटले आहे. यूट्यूब शीर्षकासाठी १०० कॅरेक्टरपर्यंत जागा देते. पण ती लिहिण्याची मर्यादा झाली, दिसण्याची नव्हे. त्यातून देवनागरीत कॅरेक्टर मोजणे फसवे असते, कारण संगणक काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त हे सारे वेगवेगळे मोजतो. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. कॅरेक्टर मोजणारे साधन मात्र त्याचे १७ कॅरेक्टर दाखवते. वर येणारी मात्रा आणि खाली येणारा उकार जवळजवळ काहीच रुंदी घेत नाहीत, तर ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ भरपूर घेतात. म्हणून मोजणाऱ्या साधनावर विसंबून शब्द कापत बसू नये.

कामाला सुरुवात करताना शीर्षक मनात येईल तसे, हवे तेवढे लांब लिहून घ्यावे. मग वाचकाला हा मजकूर आपल्या कामाचा आहे की नाही हे ज्या दोन-तीन शब्दांवरून कळेल, त्यांखाली रेघ ओढावी. ‘सविस्तर’, ‘संपूर्ण माहिती’, ‘जाणून घ्या’, ‘महत्त्वाचे’, ‘सावधान’ यांपैकी कशाखालीही रेघ येणार नाही. ते शब्द तिथल्या तिथे काढून टाकावेत.

यानंतरची पायरी खरी अवघड आहे आणि मलाही सर्वांत जास्त काळ तीच जड गेली. रेघ ओढलेला शब्द उचलून पुढे ठेवला की झाले, असे सांगितले जाते. परंतु मराठी वाक्याची घडण त्याला सहजासहजी तयार होत नाही. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते, नकार क्रियापदाला चिकटून त्याच्याही शेवटी येतो, होय-नाही विचारणारा ‘का’ तर अगदी टोकाला बसतो, आणि नामाचे वर्णन करणारे सारे शब्द नामाच्या आधी रांग लावतात. म्हणजे अर्थ ठरवणारे शब्द नेमके ज्या टोकाला जातात, तेच टोक मोबाइल कापतो. अशा वेळी शीर्षक केवळ अपुरे राहत नाही, ते उलट अर्थाचे होऊ शकते.

एक शीर्षक पाहा: ‘घरातील पाण्याची टाकी स्वच्छ धुण्यासाठी ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये’. व्याकरणात काही चूक नाही, हेतूही चांगला आहे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि टाकीसारख्या बंदिस्त जागेत तो जिवावर बेतू शकतो. आता हेच शीर्षक दोन ओळींच्या जागेत कापले गेले की असे दिसते: ‘घरातील पाण्याची टाकी स्वच्छ धुण्यासाठी ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड…’. इशारा गेला आणि कृती उरली. घाईत यादी वर सरकवणारा माणूस हा मजकूर उघडेलच असे नाही. ‘टाकी धुवायला ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड घालतात’ एवढेच त्याच्या लक्षात राहील. आरोग्य, औषधे, वीज, पैसे किंवा कायदा यांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने असे अर्धे शीर्षक डोळ्यांसमोर ठेवावे, कारण येथे झालेली हानी लेखाच्या आतील मजकूर कितीही अचूक असला तरी भरून निघत नाही.

हे शीर्षक दुरुस्त कसे करावे? पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: ‘ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये: पाण्याची टाकी धुताना घ्यायची काळजी’. विषय पुढे आला, पण ‘नये’ अजूनही सहावा शब्द आहे आणि अरुंद पट्टीत तो निसटतो. ‘मिसळणे टाळा’ असे केले तरी ‘टाळा’ मागेच राहतो. मराठीत यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ‘नको’. तो क्रियापदाची वाट पाहत नाही, सरळ नामाला लागून उभा राहतो. ‘ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड नको: पाण्याची टाकी धुताना क्लोरीन वायूचा धोका’ या रूपात नकार चौथ्याच शब्दाला येतो. त्यानंतर कुठेही कापले तरी इशारा शाबूत राहतो. टाकीचा किंवा वायूचा उल्लेख गेला तर माहिती कमी होते, उलटी होत नाही. शीर्षकाकडून माझी किमान अपेक्षा एवढीच आहे.

प्रश्नार्थक शीर्षकांची गतही तीच होते. ‘एक वर्षाच्या आतील बाळाला थोडासा मध चाटवणे सुरक्षित आहे का?’ यातील शेवटचा शब्द कापला गेला की शंकेचे विधान होते आणि तेही चुकीचे, कारण एक वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो आणि म्हणून त्या वयात मध देऊच नये असे सांगितले जाते. उत्तर माहीत असताना प्रश्न विचारून वाचकाला आत ओढण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. मोबाइलवर तर ती घातक ठरते. ‘बाळाला मध नको: एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोट्युलिझमचा धोका’ असे उत्तरच शीर्षकात द्यावे. उत्तर खरोखर अनिश्चित असेल आणि प्रश्नच ठेवायचा असेल, तर ‘का’, ‘कसे’, ‘किती’ हे शब्द जितके पुढे आणता येतील तितके आणावेत.

नामाच्या आधी लागणाऱ्या रांगेवरचा उपाय वेगळा आहे. ‘कमी वेळात आणि कोणत्याही विशेष साधनांशिवाय घरच्या घरी करता येणारी सायकलच्या साखळीची देखभाल’ या शीर्षकात सायकल अकराव्या शब्दाला उगवते. तोवर पडदा संपलेला असतो. येथे वाक्य मोडावे लागते. मुख्य नाम साध्या रूपात पहिल्यांदा लिहावे, त्यापुढे अपूर्णविराम द्यावा आणि उरलेले महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने मांडावे: ‘सायकलची साखळी: घरच्या घरी देखभाल, विशेष साधनांशिवाय’. तरीही एक खाच राहते. अनेक ॲप शब्दाच्या मध्येच कापतात, आणि ‘साधनांशिवाय’ हा शब्द ‘साधनां…’ एवढाच दिसला तर ‘विशेष साधनां…’ असा उलट भास होतो. ‘शिवाय’, ‘ऐवजी’, ‘विना’ यांसारखे शेवटी जोडले जाणारे शब्द म्हणूनच शीर्षकाच्या मागच्या भागात ठेवू नयेत. ‘सायकलची साखळी: घरच्या घरी देखभाल, साध्या साधनांनी’ असे केले की कुठेही कापा, अर्थ फिरत नाही.

ही मोडतोड प्रत्येक शीर्षकावर करण्याचा आग्रह मात्र धरू नये. पाच-सहा शब्दांचे, पूर्ण दिसणारे शीर्षक सरळ मराठी वाक्यासारखेच वाचायला बरे वाटते. सगळ्याच शीर्षकांत अपूर्णविराम आला तर ती यादी कोशातील नोंदींसारखी कोरडी होते. शिवाय पुढे आणायचा शब्द एक किंवा दोन असावेत. शोधात सापडावे म्हणून ‘सायकल साखळी देखभाल सायकल दुरुस्ती सायकल तेल’ अशी शब्दांची मोळी पुढे बांधणारे लोक वाचकाला गमावतातच, आणि गूगलही अशा शीर्षकाऐवजी पानावरचे दुसरे काही, उदाहरणार्थ पानाचा मुख्य मथळा, यादीत दाखवू शकते.

लेखमालेचे नाव, भागाचा क्रमांक, प्रकाशनाचे नाव आणि तारीख शेवटी टाकावी. ‘घरगुती विजेची ओळख, भाग ७: फ्यूज का उडतो’ असे लिहिल्यास मोबाइलवर मालेतील प्रत्येक भाग सारखाच दिसतो आणि वाचकाला हवा तो भाग सापडत नाही; म्हणून ‘फ्यूज का उडतो: घरगुती विजेची ओळख, भाग ७’ असे लिहावे. क्रमाने वाचल्याशिवाय कळणारच नाही अशी माला असेल तर क्रमांक अगदी सुरुवातीला नुसता ‘७.’ असा द्यावा. त्यासाठी मालेचे अख्खे नाव पुढे आणण्याची गरज नाही.

शेवटी तपासणी. संगणकावर खिडकी लहान करून पाहणे पुरेसे नाही, कारण तिथला देवनागरी टंक आणि फोनमधला टंक यांची रुंदी वेगळी असते. शीर्षक स्वतःलाच ईमेलचा विषय म्हणून पाठवावे आणि ईमेल न उघडता फोनवर आलेली सूचना पाहावी; शीर्षकाला मिळणाऱ्या सर्वांत अरुंद जागांपैकी ती एक आहे. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून पुन्हा पाहावे. ही दुसरी तपासणी जवळजवळ कोणी करत नाही, आणि ती टाळू नये असे मी निक्षून सांगेन: दृष्टी कमी झालेले वाचक फोन याच आकारात वापरतात, आणि त्यांच्या पडद्यावर तुमच्या शीर्षकाचे कदाचित चारच शब्द मावतात. ते चार शब्द वेगळ्या कागदावर लिहून, विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्यावेत आणि मजकूर कशाविषयी असेल व तो काय करायला सांगत असेल, एवढेच विचारावे. उत्तर अपुरे आले तर चालेल. उलटे आले तर शीर्षक पुन्हा लिहावे.