पांडवलेणीत स्केचबुक वापरताना

कलेतिहासाच्या वहीसाठी दोन खांब शेजारीशेजारी काढा. पांडवलेणीत क्रमांक १० (नहपानाचं लेणं) आणि क्रमांक ३ (गौतमीपुत्राचं लेणं) यांतले व्हरांड्यातले खांब यासाठी उत्तम. डाव्या पानावर चित्र, उजव्यावर टिपण.

एका खांबाला पाच मिनिटं पुरेत. वरचे प्राणी कितीही मोहात पाडोत, आधी फक्त घंटेच्या आकाराच्या भागाची बाह्यरेषा काढा. पेन्सिल हात लांब करून धरा आणि घंटेची उंची रुंदीशी ताडून बघा. १० मधली घंटा उंच, डौलदार. ३ मधली बुटकी. तुमच्या पानावर दोन्ही सारख्याच दिसत असतील तर समजा, हात आठवणीतून चाललाय; पुन्हा मोजा.

टिपण तिथेच उभं राहून लिहा आणि त्यात फक्त दिसलेलं येऊ द्या: ‘३ मध्ये घंटा आखूड, वरच्या चौकटीच्या कोपऱ्यांना छोट्या आकृती.’ ‘सुंदर नक्षी’ असं लिहिलंत तर महिन्याभराने त्यातून काहीच कळत नाही. शिलालेख, राजे, काळ हे घरी वाचून वेगळ्या शाईने खाली जोडा, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि पुस्तकातलं यांची सरमिसळ होत नाही.